औपचारिक पत्राचे गुण: केवळ शुद्ध भाषेला, की मांडणी आणि सुरालाही?

धागाकर्ती, इंदूर: आमच्या रविवारच्या मराठी वर्गातील मुलांनी महापालिकेच्या झोन अधिकाऱ्यांना गढूळ पाण्याबद्दल तक्रारपत्र लिहिले. दहापैकी गुण देताना मांडणी, मायना, समारोप, परिच्छेद आणि सूर यांनाही गुण द्यावेत का?

जुना परीक्षक: द्यावेत. मी मांडणी, मायना व समारोप मिळून 2, मजकूर व परिच्छेद 3, सूर 2 आणि भाषेला 3 गुण देतो. समजा, एका मुलाची भाषा निर्दोष आहे. पण त्याने विषयाची ओळ लिहिली नाही, सारे एकाच परिच्छेदात कोंबले, मागणी मध्येच हरवली आणि ‘आपल्या खात्याला लाज वाटली पाहिजे’ असे लिहिले. त्याला 1, 1, 0 आणि 3, म्हणजे 5 गुण. दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत, परंतु काय घडले, केव्हापासून व कुणाला त्रास होतो, आणि काय करावे, असे तीन स्वतंत्र परिच्छेद आहेत. फक्त ‘श्रीमानजींच्या चरणी निवेदन’ हा हिंदी अर्जातला अतिनम्रपणा मराठीत आला, म्हणून सुराचा एक गुण कापला. त्याचे 2, 3, 1 आणि 1, म्हणजे 7.

मराठीप्रेमी: मला हे मान्य नाही, काका. ‘प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू’ हा साचा कुणीही पाठ करील. महाराष्ट्राबाहेर मुलांची मराठी आधीच हिंदीकडे झुकते आहे. तिथे शुद्धलेखनाला तीनच गुण ठेवले, तर सुधारण्याची गरज त्यांना का वाटावी?

जुना परीक्षक: पाठ केलेल्या साच्याचे गुण फार तर दोन. परिच्छेद पाठ करता येत नाहीत. विषय आणि पहिला परिच्छेद एवढेच वाचून लिपिकाला पत्र कुठल्या विभागाकडे पाठवायचे ते कळले पाहिजे, ही माझी कसोटी आहे. मात्र एका चुकीचे गुण दोनदा कापू नयेत: विषय लिहिला नाही, तर तो मांडणीतच धरावा.

एक पालक: माझ्या मुलाने तारीख उजवीकडे लिहिली म्हणून त्याचा गुण गेला. हे योग्य आहे का?

धागाकर्ती: शाळेने एकच बाजू ठरवून शिकवली असेल तर तसे होऊ शकते. मी दोन्ही बाजू मान्य करते. तारीख लिहिलेली असणे महत्त्वाचे.

ग्वाल्हेरच्या आजी: आमच्या काळी मोठ्यांना लिहिताना ‘सा. न. वि. वि.’ हवेच असे. त्याला चूक म्हणू नका.

जुना परीक्षक: आजी, वडीलधाऱ्यांच्या पत्रात ते शोभते. पदाधिकाऱ्याला लिहिताना ‘महोदय’ पुरे. तिथे नाते व्यक्तीशी नसून पदाशी असते.

मराठीप्रेमी: परिच्छेदांचे पटले. सुराचे अजून नाही. ‘दोनदा कळवूनही आपण दखल घेतली नाही’ हे मला ठाम वाटते, दुसऱ्या परीक्षकाला उद्धट वाटेल.

जुना परीक्षक: म्हणून मी खटकलेले वाक्य अधोरेखित केल्याशिवाय सुराचा गुण कापत नाही. या वाक्याला मी पूर्ण गुण देईन, पण माझे सहकारी एक कापतील, हे खरे आहे.