शब्दचर्चा: 'गिंबल लॉक' आणि 'ड्रिफ्ट' यांना मराठीत काय म्हणावं?

पारवा: ॲनिमेशनवरचा एक मजकूर मराठीत आणतेय. 'क्वाटर्नियन'साठी 'चतुष्टय' चालेल असं वाटतं. 'गिंबल लॉक'ला 'गिंबल-कुलूप' आणि 'ड्रिफ्ट'ला 'भरकटणे' लिहिलंय, पण दोन्ही खटकतात. सुचवा.

उंबरठा: चार आकड्यांचा संच, म्हणून 'चौकडी' म्हणा की! फक्त मागे 'चांडाळ' लागू देऊ नका.

चक्रपाणी: 'चतुष्टय' ठीक आहे. 'कुलूप' मात्र नको, कारण तिथे काहीच अडकत नाही. एकात एक बसवलेल्या तीन कड्या डोळ्यांसमोर आणा. कॅमेऱ्याचं नाक ९० अंश वर गेलं की बाहेरच्या आणि आतल्या कडीचा आस एकाच रेषेत येतो. मग दिशाकोन ४० आणि कलंडकोन १० द्या, नाहीतर ३० आणि ० द्या, चित्र तेच! (तुमच्या प्रणालीत चिन्हं उलटी असतील तर वजाबाकीच्या जागी बेरीज धरा.) कड्या तिन्ही फिरतात, पण फिरण्याच्या दिशा दोनच उरतात. मी 'आसमीलन' म्हणेन.

उंबरठा: नावाचा प्रश्नच कशाला? तीन कोनांचं चतुष्टय करून टाकायचं, की आसमीलन जातं आणि ड्रिफ्टही जातो.

चक्रपाणी: अर्धंच बरोबर. प्रत्येक फ्रेमला तीन कोनांतूनच चतुष्टय बनवत असाल तर दुखणं त्या कोनांत आहे तसंच राहतं. चालू स्थितीच चतुष्टयात जपायची आणि दर फ्रेमला तिला छोट्या परिवलनाने गुणायचं:

```
q = q * dq
q = q / length(q)
```

`dq` उजवीकडे असेल तर वस्तू स्वतःच्या आसांभोवती फिरते. डावीकडे लिहिलं तर जगाच्या आसांभोवती. हा गुणाकार क्रमनिरपेक्ष नाही, म्हणून विमान स्वतःच्या पंखांऐवजी क्षितिजाच्या हिशोबाने कलंडायला लागलं की आधी ही ओळ तपासायची.

रानवाट: ड्रिफ्ट माझ्याही ड्रोनला होतो. जमिनीवर ठेवला तरी दिशेचा आकडा हळूहळू सरकत राहतो. दुसरी ओळ घालून बघितली, काही फरक पडला नाही. 'भरकटणे'च बरोबर!

चक्रपाणी: तो वेगळा ड्रिफ्ट. तुमचा जायरोच थोडा चुकीचा वेग सांगतो, मग गणित कितीही चोख असलं तरी उत्तर सरकणारच. पारवाताईंचा ड्रिफ्ट आकड्यांच्या काटछाटीतून येतो.

पारवा: मला तो फरक दिसत नाहीये. एखादं उदाहरण?

चक्रपाणी: उभ्या आसाभोवती ९० अंश फिरवायचं तर चतुष्टयात निम्म्या कोनाचे, म्हणजे ४५ अंशांचे, कोसाइन आणि साइन येतात. दोन्ही ०.७०७१ असे चारच दशांश घेऊन लिहा. वर्गांची बेरीज १ हवी, ती ०.९९९९८ येते. हे परिवलन हजार वेळा जोडा आणि शेवटच्या चतुष्टयाने, डावीकडे ते आणि उजवीकडे त्याचं संयुग्म लावून, वस्तू फिरवा. दिशा बिनचूक राहील, पण वस्तू सुमारे २ टक्के आक्रसलेली दिसेल. लांबीने भागणारी दुसरी ओळ हे दुखणं पूर्ण बरं करते.

आता साइन चुकून ०.७०७२ लिहा. प्रत्येक वेळी कोन ०.००८१ अंशाने जास्त होतो, म्हणजे हजार वेळांनंतर साधारण ८ अंश. इथे दुसरी ओळ काहीच करत नाही, कारण लांबी १ असूनही चतुष्टय चुकीच्या कोनाचं असू शकतं. संगणकाची काटछाट याहून खूपच बारीक असते, पण जात हीच.

उंबरठा: म्हणजे एकाच शब्दाखाली दोन चुका. मग लांबी 'ढळते' आणि कोन 'सरकतो' म्हणा. १ हा आकडा अढळ राहायला हवा होता, तो ढळला.

पारवा: 'ढळणे' आवडलं! पण कोन सरकण्यावर इलाज काय?

चक्रपाणी: फिरण्याचा वेग कायम असेल तर साठवणूच नका. सुरुवातीची स्थिती ठेवा आणि दर फ्रेमला 'वेग गुणिले वेळ' एवढ्या कोनाचं एकच परिवलन तिला जोडा. माणूस माउसने हवं तसं फिरवत असेल तर ते जमत नाही, पण तिथे तो डोळ्यांनी बघून आपोआप सुधारतच असतो.

रानवाट: मग माझ्या ड्रोनचं काय म्हणायचं, ढळणं की सरकणं?

उंबरठा: सरकणंच. पण 'आसमीलन' मला अजून पटलेलं नाही, ग्रहणाचा लेख वाचतोय असं वाटतं. 'गिंबल लॉक'च ठेवा, ॲनिमेशनवाल्यांच्या तोंडात तेच आहे.

पारवा: पहिल्यांदा येईल तिथे 'आसमीलन, म्हणजेच गिंबल लॉक' लिहीन, पुढे बघू. 'ढळणे' मात्र घेतलं.