मदत हवी आहे : बिनपगारी कोचने राजीनाम्यात काय लिहावं?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या भागातल्या क्लबची 14 वर्षांखालची टीम मी हौसेनं सांभाळतो. कंपनीनं नागपूरला बदली केलीय, महिनाअखेरीस निघायचंय. सेक्रेटरी म्हणाले, "सर, दोन ओळी लिहून द्या, कमिटीपुढे ठेवतो."

कारण आणि शेवटची तारीख दोन ओळींत बसते. किटबॅग, किल्ली आणि बॉलच्या वर्गणीचा हिशेब वेगळ्या कागदावर देऊन पोच घेईन. अडतंय ते एका पोरापाशी. 13 वर्षांचा फास्ट बॉलर, वर्षभरात ताडमाड वाढलाय. मध्यंतरी बॉल टाकताना त्याची कंबर एका बाजूला दुखायची, म्हणून डॉक्टरांनी थांबवलं होतं. आता एका स्पेलला 5 च ओव्हर देतो, सलग दोन दिवस टाकू देत नाही. मॅच अडकली की नवा कोच त्याच्याच हातात बॉल देणार. कुणीही देईल!

राजीनाम्यात लिहिलं तर त्याचं दुखणं अख्खी कमिटी वाचणार. मग पालकांना विचारून वेगळी चिठ्ठी करावी आणि पत्रात "खेळाडूंच्या नोंदी सुपूर्द केल्या" एवढंच लिहावं का? नवा कोच अजून ठरलेला नाही, तोवर ती चिठ्ठी पालकांकडेच ठेवू की सेक्रेटरींकडे?