दोन टक्के व्याज, पण ते जाते कुठे?

«बचतगटही महिना दोन टक्क्यांनी कर्ज देतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. मग नफ्यासाठी चालणाऱ्या स्टार्टअपपेक्षा तो वेगळा कसा?»

दर खरा आहे, पण फरक दरात नसून व्याजाच्या मालकीत आहे. नागपुरात नंदनवन भागातील ज्या गटाची वही मी काही काळ तपासत असे, तिथे बारा जणी दरमहा 200 रुपये जमा करीत. दहा महिन्यांत 24,000 रुपये झाले. त्यातून एकीने पापडाच्या यंत्रासाठी 6,000 रुपये उचलले आणि दरमहा 1,000 मुद्दल फेडले. उरलेल्या मुद्दलावर 120, 100, 80 असे उतरत गेलेले व्याज सहा महिन्यांत 420 रुपये झाले. ते गटाच्याच निधीत गेले, आणि समान वाटणी केली तर त्यातले 35 रुपये तिचे स्वतःचेच. स्टार्टअपमध्ये, तसेच कंपनी म्हणून चालणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्थेत, ही रक्कम कर्जदाराबाहेरच्या भागधारकांची असते आणि भाग विकताही येतो. गटातील जागा विकता येत नाही. सामाजिक उद्योग यांच्या मध्ये कुठेतरी बसतो, मात्र तो कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खाली नोंदला असेल तर त्याला लाभांश वाटता येत नाही.

गटातही घोळ होतो. सचिवाने व्याज सुरुवातीच्या 6,000 वरच धरले तर 720 रुपये होतात, आणि वहीत «शिल्लक मुद्दल» हा रकाना नसेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.