आईचं महिन्याचं एरंडेल बंद करू की राहू दे?

देवगडची लेक
आई ६९ वर्षांची आहे. रक्तदाबासाठी तिला रोज पाण्याची गोळी चालू आहे. दर महिन्याला एकदा पहाटे सुंठीच्या काढ्यातून एरंडेल घेते, "पोट धुऊन निघतं" म्हणते. गेल्या वेळी दुपारपर्यंत सहा वेळा जाऊन आली आणि संध्याकाळी पडवीत उठताना भेलकांडली. बंद करायला सांगू की उगाच घाबरतेय?

मालवणचो झील
आमच्या आवशीन आमका सगळ्या भावंडांका वर्षातून दोनदा एरंडेल पाजला, नाक धरून. कोण मेलो नाय. भेलकांडली असतली उपाशीपोटी. पेज दिवा, दोन तासात ठीक. आजकाल सगळ्याचीच भीती.

निवृत्त सिस्टर, दापोली
झिला, तू तेव्हा दहा वर्षांचा होतास आणि पाण्याची गोळी घेत नव्हतास. तसं नाक धरून पाजणंही बरं नव्हे; ठसका लागून तेल फुफ्फुसात गेलं तर पोरांना न्यूमोनिया होतो.

लेकी, माझ्या सख्ख्या आत्याचं सांगते. वय ७१, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो, तुझ्या आईसारखीच गोळी. गणपतीत मोदक, वडे झाले आणि तीन दिवस पोट साफ नाही. पाचव्या दिवशी पहाटे दोन पळ्या एरंडेल घेतलं. ती पळी मी नंतर खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजली, पंचवीस मिली भरली. म्हणजे पन्नास मिली. मोठ्या माणसाचा जुलाबाचा डोस १५ ते ६० मिली सांगतात, तेव्हा मापात काही चुकलं नव्हतं. आठला सुरू झालं आणि दुपारपर्यंत सात वेळा. लंघन म्हणून दिवसभर काही खाल्लं नाही, रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने घेतली.

खरी गडबड पुढे झाली. दुसऱ्या दिवशी शौचाला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आत्या म्हणाली, "खडा अजून अडकलाय." चौथ्या दिवशी पुन्हा दोन पळ्या. अडकलेलं काहीच नव्हतं गं. रोजच्या शौचाला मोठ्या आतड्याचा शेवटचा भागच रिकामा होतो. एरंडेलाने वरपासून खालपर्यंत सगळं धुतलं जातं, मग ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या रिकामपणालाच लोक बद्धकोष्ठ समजतात आणि परत बाटली काढतात.

त्या रात्री पोटऱ्यांत गोळे आले. न्हाणीघराकडे जाताना ती खाली बसली ती उठेचना. दवाखान्यात वरचा रक्तदाब ८४, रक्तातलं पोटॅशियम खाली गेलेलं. तीन दिवस सलाईन. पाण्याची गोळी लघवीतून पाणी आणि क्षार काढते, एरंडेल तेच शौचातून काढतं. दोन्ही बाजूंनी विहीर उपसली.

आणखी एक. पाण्याच्या गोळीनेच कित्येकांचा मळ कोरडा होतो. म्हणजे आईच्या बद्धकोष्ठाला गोळीच कारण असू शकते. गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना हे सांगा, बदलता येते.

भाट्याची सून
मी एरंडेल भुवयांना लावते, छान दाट होतात. ते चालेल ना? कुठल्या घाण्याचं घेता?

निवृत्त सिस्टर, दापोली
भुवयांना खुशाल लावा. इथे पोटात घेण्याचं चाललंय.

लॅबवाला
मुळात एरंडेल हे विषच आहे. एरंडाच्या बीत रायसिन असतं, थोड्याशा बियांनी माणूस दगावू शकतो. लोक हे पितात तरी कसे?

वैद्य, कुडाळ
बीचं बरोबर, तेलाचं चूक. रायसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं, आणि उष्णतेने निकामी होतं. म्हणून पेंड गुरांपुढे टाकू नये आणि परसातल्या बिया पोरांच्या हाती लागू देऊ नयेत. तेलाने जुलाब होतात त्याचं कारण निराळं. लहान आतड्यात तेल पचताना रिसिनोलिक आम्ल सुटतं, ते आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं आणि पाणी आत शोषू देत नाही. त्यामुळेच पोटात पीळ पडतो. नुसतं वंगण म्हणून काम करणारं ते तेल नव्हे.

सिस्टरांशी माझा वाद एवढाच की एरंडेल घरातून हद्दपार करायचं कारण नाही. धडधाकट माणसाला कधीतरी रात्री छोटा चमचा, म्हणजे पाच मिली, गरम पाण्यातून दिला तर मी हरकत घेत नाही. पण "महिना झाला म्हणून" रेच, हे आयुर्वेदात नाही. विरेचनाआधी स्नेहन-स्वेदन असतं, माणसाचं बळ पाहतात, नंतर पेजेपासून हळूहळू जेवणावर आणतात. अशक्त, म्हातारा, नवा ताप असलेला, गर्भिणी यांना रेच देत नाहीत. पहाटे पळीभर ओतून देणं ही त्या शास्त्राची अर्धीच आठवण आहे.

निवृत्त सिस्टर, दापोली
वैद्यबुवा, छोटा चमचा आठवड्याभरात मोठा होतो हे मी वाडीवाडीत पाहिलंय. सवय लागली की त्याशिवाय होतच नाही. इथे आपलं जमायचं नाही.

गुहागरचा बाप
आमचा अनुभव. मुलगा १४ वर्षांचा, सकाळपासून बेंबीभोवती दुखतंय म्हणाला, एकदा उलटी. आदल्या दिवशी फणस खाल्लेला. आजी म्हणाली पोट धरलंय, एरंडेल द्या. दिलं. संध्याकाळपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं, चालताना कुबडा व्हायला लागला. अपेंडिक्स. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जुलाबाचं काही दिलंत का?" सुजलेल्या आतड्याला जोराने पिळलं तर ते फुटू शकतं म्हणाले. वेळेत ऑपरेशन झालं. फणसाला अजून शिव्या खाव्या लागतात.

निवृत्त सिस्टर, दापोली
पोट दुखत असेल, उलटी असेल, किंवा पोट फुगून वाराही सरत नसेल, तर एरंडेलच काय, कुठलाच जुलाब घरी द्यायचा नाही. एवढं एक सगळ्या आज्यांना सांगा.

नववा महिना
मधेच विचारते. सासूबाई म्हणतात दिवस भरलेत, एरंडेल घे, कळा येतील. पहिलं बाळ सिझेरियनचं.

निवृत्त सिस्टर, दापोली
नको, अजिबात नको. सासूबाईंचं ऐकीव खोटं नाही: २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ते आम्ल आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवर एकाच वाटेने काम करतं. पण कळा किती जोरात येतील हे आपल्या हातात नसतं, आणि तुमच्या गर्भाशयावर जुना टाका आहे. उलट्या-जुलाबांनी गळून बाळंतपणाला जायचं ते वेगळंच. उद्याच डॉक्टरांना दाखवा आणि हे सगळं सांगा.

देवगडची लेक
सगळं आईला वाचून दाखवलं. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं. मी विचारलं त्या दिवशी लघवी किती वेळा झाली, तर म्हणते एकदाच, तीही गडद. नारळपाणी दिलं होतं मी.

निवृत्त सिस्टर, दापोली
मग ती चांगलीच सुकली होती. नारळपाण्यात मीठ कमी असतं, नुसत्या त्यावर भागत नाही. मीठ घातलेली पेज किंवा ओआरएसचं पाकीट, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. रक्तदाबवाल्यांना हे रोज नको, जुलाब झाले त्या दिवसापुरतं. आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर घरी थांबायचं नाही. येत्या आठवड्यात पोटॅशियम तपासून घे.

देवगडची लेक
तपासते. बाटली मात्र देत नाही म्हणाली. तांदळाच्या डब्यामागे होती, आता तिथेही नाही.

मालवणचो झील
माळ्यार बघ.