उत्तर कमी येतंय, पण दोष गोळीचा नसावा

> "पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ लिहिलंय. ०.५ मोलर HCl ३० मिली घातलं, उरलेल्या आम्लाला ०.२ मोलर NaOH ३१.० मिली लागलं. उत्तर ४४० मिग्रॅच येतंय. गोळीच कमी भरते का?"

गणित बरोबर आहे. आम्ल घातलं १५ मिलिमोल, उरलं ६.२, म्हणजे गोळीने खाल्लं ८.८. कार्बोनेटचा एक मोल दोन मोल आम्ल घेतो, म्हणून ४.४ मिलिमोल, गुणिले १००, झाले ४४० मिग्रॅ.

माझा संशय कार्बन डायऑक्साइडवर आहे. फेसाळणं थांबलं तरी बराच वायू पाण्यात विरघळून राहतो. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी व्हायच्या आत तोही NaOH खातो, मग ब्युरेटचं वाचन वाढतं आणि उरलेलं आम्ल उगाच जास्त दिसतं. गुलाबी रंग येऊन अर्ध्या मिनिटात उडत असेल तर बहुधा हेच. गोळी विरली की मिश्रण पाचेक मिनिटं मंद उकळा, थंड करा आणि मगच टायट्रेट करा. खदखदवू नका, शिंतोड्यांबरोबर आम्ल गेलं तर उत्तर उलट फुगतं. समजा मग वाचन २५.४ मिली आलं, तर आम्ल उरलं ५.०८, खर्च ९.९२ मिलिमोल, म्हणजे ४९६ मिग्रॅ.

तळाशी पांढरा गाळ दिसला तर घाबरू नका, गोळीतले बांधणीचे पदार्थ आम्लात विरत नाहीत. मात्र ढवळल्यावर त्यातून बुडबुडे निघाले तर कार्बोनेट अजून शिल्लक आहे. त्यानेही उत्तर कमीच येतं. गोळी खलात नीट कुटली होती ना? आणि खलाला चिकटलेली पूड?