ऑरेंजच्या दिवशी ऊन, यलोच्या दिवशी धो धो: मग रंग हवेत कशाला?

माणगावची सर: रायगडला मंगळवारी ऑरेंज अलर्ट होता. दिवसभर पापड वाळत घालावेत असं ऊन. बुधवारी नुसता यलो, आणि पहाटे चार ते सात असा कोसळला की समोरचं घर दिसेना. हे रंग कशावर ठरतात, आणि आम्ही ते कितपत धरून चालायचं?

खडूस मुलुंडकर: धरूनच चालू नका. हिशेब सरळ आहे: 64 मिलिमीटरच्या वर यलो, 115 च्या वर ऑरेंज, 204 च्या वर रेड. ऑरेंज दिला आणि 115 पडला नाही, म्हणजे अंदाज चुकला. पण चुकला असं कोणी कबूल करत नाही, कारण रंग मोघम असतो. माझं स्पष्ट मत: रंग बंद करा आणि तालुकावार मिलिमीटरचा आकडा द्या. दिला तेवढा पडला की नाही, हे कोणालाही पडताळता येईल.

पर्जन्यमापी: मुलुंडकर, आकडे बरोबर आहेत, पण ते रंगांचे नव्हेत, शब्दांचे आहेत. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे मुसळधार, तिथून 204.4 पर्यंत अतिमुसळधार आणि 204.5 पासून पुढे अत्यंत मुसळधार. रंग त्याच्यावर चढतो, पण ते होण्याची शक्यता किती आणि झालं तर नुकसान किती, हे दोन्ही बघून. म्हणून चार दिवसांनंतरच्या अतिमुसळधारला आज यलो असू शकतो, आणि दिवस जवळ आला, खात्री वाढली की त्याचाच ऑरेंज होतो. रंग सांगतो ते तुम्ही काय करायचं: हिरव्यात काही नाही, यलोत लक्ष ठेवा, ऑरेंजमध्ये तयारीत राहा, रेडमध्ये हाला.

आता मूळ प्रश्न. तुमचा बुधवार पहाटेचा पाऊस मंगळवारच्याच खात्यात जमा आहे. पावसाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. मंगळवारचा इशारा मंगळवारी सकाळी 8:30 ते बुधवारी सकाळी 8:30 असा असतो. पहाटे चार ते सात म्हणजे ऑरेंजचे शेवटचे तास. बुधवारचा यलो सुरू व्हायला तेव्हा अजून दीड तास होता.

वर्तमानपत्रातही हाच घोळ होतो. बुधवारी साडेआठला मोजलेला पाऊस बुधवारच्या तारखेने छापला जातो, पण त्यातला मोठा भाग मंगळवारी दुपारी किंवा रात्री पडलेला असू शकतो. इशाऱ्याची तारीख आणि नोंदीची तारीख समोरासमोर ठेवून ‘बघा, चुकला’ म्हणणारे निम्मे लोक एक दिवस सरकलेले असतात.

खडूस मुलुंडकर: बरं, पहाट मंगळवारला दिली. पण बाकी जिल्ह्याचं काय? अलिबागला थेंब नाही आणि रंग मात्र अख्ख्या रायगडला.

पर्जन्यमापी: त्यासाठी रंगाशेजारचे दोन शब्द वाचायचे, जे निरोप पुढे ढकलताना सगळे कापतात. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ असं लिहिलेलं असतं. तुरळक म्हणजे पावसाच्या केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा. रायगडचे तालुके 15. सोपं म्हणून तालुक्याला एकच पर्जन्यमापक धरू. तीन ठिकाणी 116 च्या वर नोंद झाली आणि बारा ठिकाणी साधी सर आली, तरी इशारा बरोबर ठरला. त्या बारांतले लोक मात्र ‘खोटा अलर्ट’ म्हणणार. ‘काही ठिकाणी’ आलं तर निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ आलं तर पाऊणपर्यंत, त्याच्या पुढे जवळजवळ सगळीकडे.

आणि ती तीन ठिकाणं कोणती असतील याचा अंदाज तुम्हीही बांधू शकता. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात आणि तिथे रिकामे होतात. माथेरान आणि अलिबाग एकाच जिल्ह्यात, पण पावसाने दोन वेगळी गावं. जिल्ह्याच्या रंगात आपलं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे की किनाऱ्यावर, ही भर आपण घालायची. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या इशाऱ्यांत म्हणूनच घाटाचा भाग वेगळा सांगतात. ‘पुणे घाट: ऑरेंज’ वाचून हडपसरच्या माणसाने छत्री शोधत बसू नये.

बांधावरून: आमच्या तालुक्याला दोन दिवस ऑरेंज होता. सोयाबीन आडवं झालंय. त्या अलर्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, तो भरपाईच्या अर्जाला लावला तर चालेल ना?

सातबारा: दादा, त्याचा उपयोग नाही. अलर्ट हा अंदाज, भरपाईला लागते नोंद. महसूल खात्याची अतिवृष्टी म्हणजे तुमच्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस. त्यामुळे उलटही घडतं: अलर्ट साधा यलो असतो आणि मंडळात 80 मिमी होऊन अतिवृष्टी लागते. पहिलं काम, आपलं मंडळ कोणतं आणि त्या दोन दिवसांची नोंद किती हे तलाठ्याकडून काढा. तीही साडेआठ ते साडेआठच असते. पंचनाम्याचा पाठपुरावा आजच सुरू करा. पीक विम्याचं प्रकरण वेगळं असतं, त्याचे सध्याचे नियमही आजच विचारून घ्या.

बांधावरून: म्हणजे मंडळाचं यंत्र आठ किलोमीटर लांब आणि पाऊस माझ्या शेतावर पडला, तर गेलंच म्हणायचं.

सातबारा: खोटं कसं बोलू? हा वाद दर वर्षी होतो.

खडूस मुलुंडकर: हेच तर मी म्हणतोय! मोजमाप लांबचं, रंग जिल्ह्याचा, माणूस मधल्या मध्ये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 74 च्या आसपास. एकाच शहरात. तिथे एक रंग देऊन काय कळणार होतं?

पर्जन्यमापी: उदाहरण चांगलं दिलंत, पण ते तुमच्याच सूचनेच्या विरोधात जातं. इतक्या कमी अंतरावर इतका फरक पडत असेल, तर आदल्या दिवशी ‘मुलुंड 131 मिमी’ असा आकडा देणं म्हणजे शुद्ध थाप. अचूक दिसेल, अचूक असणार नाही. लोक त्या 131 वर विश्वास ठेवतील, 90 पडला की शिव्या देतील आणि 200 पडला की अडकतील.

24 तासांच्या मिलिमीटरमध्ये आणखी एक खोट आहे. 100 मिमी दिवसभर पसरून पडला तर मुंबईला काही होत नाही. तोच दोन तासांत पडला तर ताशी 50 झाला. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिमीच्या हिशेबाची, सुधारलेली 50 च्या. वर समुद्राला साडेचार मीटरची भरती असेल तर पाणी जायलाच जागा नाही. दिवसाचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

ठिकाण आणि वेळ हवी असेल तर जिल्ह्याचा रंग सोडा, तीन तासांचा तातडीचा इशारा बघा. तो रडारवर दिसणाऱ्या ढगांवरून देतात, त्यामुळे उशिरा येतो पण नेमका असतो. माझी रीत अशी की आदल्या दुपारच्या रंगावरून उद्याचं काम पुढे ढकलायचं की नाही ते ठरवायचं, आणि तीन तासांच्या इशाऱ्यावरून आत्ता घराबाहेर पडायचं की नाही ते.

घंटा: त्या तीन तासांच्या निरोपात बहुतेक वेळा यलोच असतो. ‘मेघगर्जनेसह विजा, ताशी 30 ते 40 किमी वारे.’ यलो म्हणजे फक्त लक्ष ठेवा, मग मैदानावरचा सराव चालू ठेवायला हरकत नाही ना?

पर्जन्यमापी: हरकत आहे, आणि मोठी आहे. तो यलो वाऱ्याचा आणि पावसाचा जोर कमी म्हणून यलो आहे. वीज पडायला ऑरेंज लागत नाही. निरोपात ‘विजा’ हा शब्द दिसला की रंग विसरायचा. पहिला गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी परत यायचं नाही. मुलांना पक्क्या इमारतीत न्यायचं. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडत असल्याचं दाखवतं, पण ॲप शांत आणि आभाळ गुरगुरतंय असं असेल तर आभाळाचं ऐका.

कृष्णाकाठ: सगळे पावसाचेच रंग मोजताय. आमच्याकडे सांगलीत आभाळ कोरडं असतं, अलर्ट हिरवा असतो, आणि कोयनेतून सोडलेलं पाणी दारात येतं. शिवाय केंद्रीय जल आयोग पुराला हेच रंग वापरतो, अर्थ वेगळा. त्यांचा पिवळा इशारा पातळीच्या वर, केशरी धोका पातळीच्या वर आणि लाल म्हणजे आजवरचा सर्वोच्च पूर ओलांडला. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका 45. इथला पिवळा म्हणजे ‘पाऊस पडू शकतो’ नव्हे, पाणी 40 फुटांवर आलेलं आहे. पावसाच्या यलोसारखा तो सोडून दिलात तर जनावरं हलवायला वेळ उरत नाही.

खडूस मुलुंडकर: घ्या! एकाच रंगाचे दोन खात्यांत दोन अर्थ. अजून कोणी रंगांच्या बाजूने आहे का?

पर्जन्यमापी: हा मुद्दा मान्य. निदान निरोपाच्या पहिल्या ओळीत ‘पाऊस’ की ‘पूर’ ते यायला हवं. जुलै 2024 मध्ये पुण्यात एकतानगरीत पाणी शिरलं, तेही खडकवासल्याच्या विसर्गामुळे. नदीकाठच्याने जलसंपदा खात्याचा विसर्गाचा निरोप आधी बघावा, पावसाचा रंग नंतर.

माणगावची सर: साडेआठचं गणित कळलं. पण मग सोमवारी संध्याकाळी आमच्या ग्रुपवर ‘उद्या रेड’ असा फोटोही फिरत होता. तो कुठून आला?

पर्जन्यमापी: फोटोच्या वरची ओळ कापलेली होती का? तिथे कधी जारी केला याची तारीख आणि वेळ असते. इशारे दिवसातून अनेकदा बदलतात, शनिवारच्या पत्रकातला मंगळवार आणि सोमवारच्या पत्रकातला मंगळवार वेगळ्या रंगाचे असू शकतात. जारी केल्याची वेळ नसलेला फोटो पुढे पाठवू नका. mausam.imd.gov.in वर जाऊन जिल्हा उघडा आणि ताजा रंग बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

माणगावची सर: कापलेलीच होती. राहिली एक गोष्ट. ऑरेंज म्हणून मंगळवारी शाळेला सुट्टी दिली, मुलं उन्हात क्रिकेट खेळली. बुधवारी सुट्टी नव्हती आणि ती सातच्या शाळेला भिजत गेली.

घंटा: सुट्टी हवामान खातं देत नाही, जिल्हाधिकारी देतात, आणि ती कॅलेंडरच्या दिवसाची असते. साडेआठ ते साडेआठ अशी सुट्टी देता येणार कशी?

खडूस मुलुंडकर: सकाळची शाळा आदल्या दिवसाच्या रंगावर, दुपारची त्या दिवसाच्या. अवघड काय आहे त्यात?

घंटा: पहाटे पाचला पालकांचे फोन तुम्ही घेणार असाल तर काहीच अवघड नाही.