'डिले स्प्रेड' म्हणजे नेमका कोणता आकडा?

रेघोटी: ओएफडीएममध्ये प्रत्येक सिम्बॉलआधी जोडतात तो सायक्लिक प्रीफिक्स, म्हणजे सीपी, 'डिले स्प्रेडपेक्षा मोठा' हवा, असं सगळे म्हणतात. एलटीईच्या चाचण्यांतल्या ईटीयू चॅनलचा डिले स्प्रेड ९९१ नॅनोसेकंद आणि नॉर्मल सीपी ४.६९ मायक्रोसेकंदांचा. चौपटीहून जास्त! एवढा वेळ का वाया घालवायचा?

जुनातारवाला: ९९१ हा आरएमएस आकडा आहे, म्हणजे शक्तीच्या वजनाने काढलेला पसारा. सीपीला त्याच्याशी थेट देणंघेणं नाही. शेवटचा प्रतिध्वनी किती उशिरा येतो, ते त्याच्या कामाचं. ईटीयूचा शेवटचा टॅप, म्हणजे शेवटचा प्रतिध्वनी, ५ मायक्रोसेकंदांवर आहे. लोक दोन्हींना डिले स्प्रेडच म्हणतात, तिथेच घोळ होतो.

कावळा: मग ५ म्हणजे ४.६९ पेक्षा जास्तच की. सीपी अपुरा! सरळ १६.६७ चा एक्स्टेंडेड लावा.

जुनातारवाला: अपुरा आहे हे खरं, पण किती ते मोजा की. रिसीव्हर ज्यातून सिम्बॉल वाचतो ती एफएफटीची खिडकी पहिल्या टॅपशी जुळवली असेल तर ०.३१ मायक्रोसेकंद बाहेर सांडतात. उपयुक्त सिम्बॉल ६६.६७ चा, म्हणजे अर्धा टक्काही नाही. त्यात या टॅपकडे एकूण शक्तीच्या जेमतेम ३ टक्के. मागच्या सिम्बॉलची घुसखोरी आणि सबकॅरियरांची आपसातली गळती दोन्ही धरूनही उपद्रव सिग्नलच्या सुमारे ३५ डीबी खाली राहतो. ६४ क्वॅम मॉड्युलेशनला तो जाणवणारही नाही. एक्स्टेंडेड घेतलात तर अर्ध्या मिलिसेकंदात ७ ऐवजी ६ सिम्बॉल मावतात आणि १४ टक्के डेटा जातो. ओव्हरहेड ६.७ वरून २० टक्क्यांवर. इतक्यासाठी मी तरी एवढी किंमत मोजणार नाही.

चिमणराव_२: माझ्या वायफायचंही हेच का? गार्ड, म्हणजे तिथला सीपी, ०.८ चा ०.४ मायक्रोसेकंद केला, तर जवळ वेग वाढला आणि लांबच्या खोलीत उलट घटला.

कावळा: तिथे सिग्नलच कमजोर असेल.

जुनातारवाला: असूही शकेल. पॉवर वाढवून पाहा. वेग सुधारला तर कावळा बरोबर. सिग्नल चांगला होऊनही चुका एका पातळीखाली उतरत नसतील, तर सीपी तोकडा असण्याची शंका घ्या, कारण पॉवरबरोबर तो उपद्रवही वाढतो. रिसीव्हरच्या आत डोकावता येत असेल तर एफएफटीची खिडकी थोडी पुढेमागे सरकवा. सीपीत जागा शिल्लक असली तर त्या पट्ट्यात ईव्हीएम, म्हणजे सिम्बॉलमधल्या चुकीचं माप, जवळपास हलत नाही.

रेघोटी: म्हणजे सीपीसाठी 'कमाल विलंब' म्हणायचं?

जुनातारवाला: म्हणा, पण कुठवर कमाल? खऱ्या चॅनलची शेपूट हळूहळू विरत जाते. मी सर्वांत जोरदार टॅपच्या २० डीबी खाली रेघ मारतो.

कावळा: २५६ क्वॅमला २० डीबी पुरणार नाही. ३० घ्या.

जुनातारवाला: शेपटीचा तुकडा किती बाहेर सांडतो, त्यावर आहे ते. आत्ताच ७ डीबी खालचा टॅप सोडून दिला ना आपण?